जपानी बोलण्यासाठी शॅडोइंग: दहा-बारा सेकंदांची एक क्लिप पाच दिवसांत कशी पक्की करावी

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि शहरभरच्या खासगी वर्गांमध्ये दर वर्षी नव्या तुकड्या सुरू होतात आणि त्यांतील बहुतेकांचे लक्ष जेएलपीटी या परीक्षेकडे असते. या परीक्षेत शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांची चाचणी होते, परंतु बोलण्याची चाचणी कोणत्याही पातळीवर होत नाही. त्यामुळे एन-4 किंवा एन-3 उत्तीर्ण झालेला, वाचलेले व ऐकलेले बऱ्यापैकी समजणारा विद्यार्थी कार्यालयातील जपानी सहकाऱ्यासमोर बसला की प्रत्येक वाक्य मनात जुळवू लागतो आणि ते तोंडातून बाहेर येईपर्यंत संभाषण पुढे गेलेले असते. ज्याला भाषा कळते पण वेगाने बोलता येत नाही, अशा विद्यार्थ्यासाठी शॅडोइंग हा सराव विशेष उपयोगी आहे, आणि हा लेख त्याच्यासाठी लिहिला आहे.

शॅडोइंग म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू असतानाच, ते न थांबवता, बोलणाऱ्याच्या किंचित मागून तेच शब्द त्याच लयीत उच्चारत जाणे. वाक्य ऐकायचे, क्लिप थांबवायची आणि मग ते म्हणायचे, ही वर्गात नेहमी होणारी पुनरावृत्ती वेगळी आहे. क्लिप थांबवली की मिळालेल्या उसंतीत आपण वाक्य स्मरणात साठवतो, त्याचा अर्थ लावतो आणि नंतर ते आपल्या सवयीच्या लयीत पुन्हा रचतो. शॅडोइंगमध्ये ती उसंतच मिळत नाही, कारण एक शब्द उच्चारत असताना कानावर पुढचा शब्द पडत असतो आणि त्यामुळे मूळ वक्त्याचा वेग, त्याचे थांबे आणि स्वरांची चढउतार यांना धरून राहण्यावाचून गत्यंतर नसते. मैफलीत तंबोऱ्यावर बसलेला शिष्य गुरूच्या जागेला जसा क्षणभर मागून स्वर लावतो, तसे हे मागोमाग जाणे असते.

हे मागे राहणे किती असावे, हा या पद्धतीचा गाभा आहे. विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्ती आपल्या मातृभाषेतील मजकूर सुमारे पाव सेकंदाच्या अंतराने मागोमाग म्हणू शकत होत्या, म्हणजे मूळ वक्ता शब्द पुरा करण्याआधीच त्या तो शब्द उच्चारू लागत. परकी भाषा शिकणाऱ्याला इतके जवळ राहणे सहसा जमत नाही आणि त्याची गरजही नाही. अर्धा ते एक सेकंद, म्हणजे साधारण एका शब्दाचे अंतर, पुरेसे आहे. अंतर त्याहून वाढून अर्ध्या वाक्याएवढे झाले, तर आपण पुन्हा स्मरणाच्या आधारे बोलू लागतो आणि आपली मराठी लय परत येते. अंतर अगदी शून्यावर आले, तर बहुधा क्लिप पाठ झालेली असते आणि आपण ऐकणे थांबवलेले असते.

क्लिपची निवड

नवख्याचे निम्मे श्रम चुकीच्या क्लिपमुळे वाया जातात, म्हणून निवडीला वेळ द्यावा. क्लिप दहा ते तीस सेकंदांची असावी, एकच वक्ता असावा, पार्श्वसंगीत नसावे आणि तिचा लिखित मजकूर हाताशी असावा. मजकूर वाचल्यावर त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द आधीच परिचित असला पाहिजे, कारण शॅडोइंग हे नवे शब्द शिकण्याचे साधन नसून ओळखीच्या शब्दांना जीभेवर वेगाने आणण्याचे साधन आहे. ज्याने एन-4 ची तयारी केली आहे, त्याने एन-5 च्या पातळीची क्लिप घ्यावी. ही एक पायरी खाली उतरणे अनेकांना कमीपणाचे वाटते, परंतु कळण्याची पातळी आणि बोलण्याची पातळी यांतील अंतर भरून काढायचे असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

वर्गातील पाठ्यपुस्तकाबरोबर मिळालेल्या ध्वनिफिती यासाठी उत्तम असतात. त्या नसतील, तर जपान फाउंडेशनने ‘इरोदोरी’ नावाचे अभ्याससाहित्य संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहे आणि त्यात संवादांचे ध्वनिमुद्रण व मजकूर दोन्ही मिळतात. अ‍ॅनिमे मालिकांचा मोह मात्र सुरुवातीला आवरावा. त्यांतील पात्रांची भाषा अनेकदा मुद्दाम रांगडी, बालिश किंवा अतिशय सलगीची असते, आणि शॅडोइंगने लागलेली बोलण्याची ढब जशीच्या तशी तोंडात बसत असल्यामुळे ती हिंजवडीतील कार्यालयात वरिष्ठांसमोर बाहेर पडली तर अवघड होते. ज्या ठिकाणी आपल्याला बोलायचे आहे, त्या ठिकाणी शोभेल असा वक्ता निवडावा.

साधने फार लागत नाहीत. क्लिप एका उपकरणावर वाजवावी, ती इअरफोनने ऐकावी आणि आपला आवाज दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रित करावा, म्हणजे मुद्रणात फक्त आपला आवाज येतो आणि तुलना सोपी होते. एकाच फोनवर ब्लूटूथ इअरफोनच्या माइकने मुद्रण करू लागल्यास क्लिपच्या आवाजाचा दर्जा बहुधा घसरतो आणि बारीक ध्वनी ऐकू येईनासे होतात, म्हणून ती सोय टाळावी. एक इअरफोन कानात आणि दुसरा कान मोकळा ठेवल्यास मूळ आवाज व स्वतःचा आवाज दोन्ही ऐकू येतात. संगणकावर व्हीएलसी प्लेअर वापरत असाल, तर `View` मेनूमधील `Advanced Controls` सुरू केल्यावर निवडलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याचे बटण मिळते.

नमुन्यादाखल एक क्लिप

पुढील मजकूर सुमारे दहा सेकंदांच्या क्लिपचा आहे असे समजू. दीर्घ स्वर दाखवण्यासाठी येथे अवग्रहाचे चिन्ह वापरले आहे.

किनोऽ, तोमोदाचि तो एकि नो माए नो किस्सातेन् नि इकिमाशिता. कोऽहिऽ वा सेन्-एन् देशिता. चोत्तो ताकाकात्ता देसु गा, तोतेमो ओइशिकात्ता देसु.

काल मित्राबरोबर स्टेशनसमोरच्या कॅफेत गेलो होतो, कॉफी हजार येनची होती, जरा महाग होती पण फार चविष्ट होती, एवढाच याचा अर्थ आहे. यातील एकही शब्द एन-5 च्या विद्यार्थ्याला अवघड नाही. तरीही हा मजकूर जपानी माणसाच्या वेगाने म्हणायला घेतला की मराठी भाषक ठरावीक चार-पाच ठिकाणी अडखळतो, आणि ती ठिकाणे आधी ओळखून ठेवली तर पुढचा सराव नेमका होतो.

त्यासाठी मात्रांचा हिशेब समजून घ्यावा. जपानी भाषेची लय मात्रांवर चालते, म्हणजे प्रत्येक मात्रेला जवळजवळ सारखाच वेळ मिळतो. शाळेत लघु-गुरू शिकलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब नव्याने शिकावा लागत नाही. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ स्वराच्या दोन, अनुस्वारयुक्त अक्षराच्या दोन आणि द्वित्वापूर्वीच्या अक्षराच्या दोन, हा वृत्तांतील नियम जपानीला बऱ्याच अंशी तसाच लागू पडतो. ‘किस्सातेन्’ या शब्दात ‘किस्’ च्या दोन, ‘सा’ ची एक आणि ‘तेन्’ च्या दोन, अशा पाच मात्रा आहेत. ‘सेन्-एन्’ च्या चार, ‘कोऽहिऽ’ च्या चार आणि ‘चोत्तो’ च्या तीन. फरक एवढाच, की आपण आ, ए आणि ओ यांना नेहमी गुरू मानतो, तर जपानीत हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. देवनागरीत ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी चिन्हे नसल्यामुळे, वहीत देवनागरीने उच्चार लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या टिपणांतून हा भेद नाहीसा होतो. हा भेद अर्थ बदलणारा आहे: ‘ओबासान्’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाऽसान्’ म्हणजे आजी, ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बिऽरु’ म्हणजे बिअर. म्हणून उच्चार शक्यतो जपानी काना लिपीतच वाचावेत आणि देवनागरीचा आधार घ्यायचाच असेल, तर अवग्रहाची खूण न चुकता करावी.

आता आपल्या क्लिपमधील अडचणीच्या जागा पाहू. पहिली जागा ‘तोमोदाचि’ च्या शेवटी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ उच्चारण्याची आपली सवय इतकी पक्की आहे की शुद्धलेखनाचा नियमही तसाच आहे. त्यामुळे ‘तोमोदाची’, ‘एकी’ असे उच्चार आपसूक होतात आणि प्रत्येक वेळी एक जादा मात्रा घुसते. जपानी वक्ता येथे उलट दिशेला जातो: दोन अघोष व्यंजनांच्या मध्ये किंवा अघोष व्यंजनानंतर वाक्याच्या शेवटी आलेला इ किंवा उ तो जवळजवळ कुजबुजल्यासारखा म्हणतो. ‘तोमोदाचि तो’ मधील ‘चि’ आणि ‘इकिमाशिता’ मधील ‘शि’ यांतील इकार म्हणूनच ऐकू येत नाही, आणि ‘देसु’ चा ‘देस्’ होतो. स्वर नाहीसा झाला तरी त्याच्या मात्रेचा वेळ मात्र शिल्लक राहतो, हे लक्षात ठेवावे. नवखे ‘माश्ता’ असे भरकन म्हणतात. प्रत्यक्षात ‘श’ चा घर्षणध्वनी मात्राभर लांबवून मग ‘ता’ म्हणायचा असतो.

दुसरी जागा ‘सेन्-एन्’ ची. आपण त्याचा ‘सेनेन’ करतो, म्हणजे जीभ ‘न’ साठी दातांमागे टेकवतो आणि पुढच्या ‘ए’ शी तिचा संधी करतो. जपानीतील हा अनुनासिक ध्वनी मराठी अनुस्वारासारखाच पुढच्या ध्वनीप्रमाणे बदलतो, आणि पुढे स्वर आल्यास जीभ कोठेही टेकत नाही. ‘संयम’ म्हणताना अनुस्वाराच्या जागी आपल्या नाकातून जसा स्वर निघतो आणि जीभ मोकळी राहते, तसेच येथे करावे. ‘सेंयेन्’ असे म्हटले तर ते मूळ उच्चाराच्या बरेच जवळ जाते.

द्वित्वाची सवय आपल्याला ‘पत्ता’, ‘कच्चा’ अशा शब्दांमुळे आहेच, त्यामुळे ‘चोत्तो’ आणि ‘ताकाकात्ता’ सहसा लवकर जमतात. ‘चोत्तो’ मध्ये ‘त’ पूर्वी मात्राभर पूर्ण शांतता असते आणि ‘किस्सातेन्’ मध्ये शांततेऐवजी ‘स’ चा आवाज लांबतो, एवढा फरक कानाने टिपावा.

राहिली स्वरांची चढउतार. टोकियोच्या प्रमाण बोलीत प्रत्येक शब्दाचा चढउताराचा आराखडा ठरलेला असतो. ‘हाशि’ हा शब्द आधी उंच व मग खाली म्हटला तर जेवणाच्या काड्या आणि आधी खाली व मग उंच म्हटला तर पूल. आपल्या क्लिपमध्ये ‘एकि’ चा ‘ए’ उंच आहे आणि ‘कि’ खाली येतो; ‘तोमोदाचि’ पहिल्या मात्रेनंतर वर चढून तिथेच सपाट राहतो; आणि ‘कोऽहिऽ’ ची शेवटची मात्रा खाली येते. सुरुवातीला सर्वच शब्दांचा आराखडा शोधत बसू नये. ज्या दोन-तीन ठिकाणी उतार स्पष्ट ऐकू येतो, तेवढ्यांवर पेन्सिलीने खूण करावी.

पाच दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी तोंड उघडू नये. मजकूर न पाहता क्लिप तीन-चार वेळा ऐकावी आणि काय कळले, काय निसटले हे मनाशी ठरवावे. मग मजकूर उघडून तो क्लिपबरोबर डोळ्यांनी वाचावा आणि वर सांगितलेल्या जागांवर खुणा कराव्यात: दीर्घ स्वर, कुजबुजलेले स्वर, अनुनासिक, द्वित्व, उतार आणि श्वासाचे थांबे. त्यानंतर बोटाने टेबलावर मात्रा वाजवत एकदा क्लिप ऐकावी. आपल्या नमुन्यात एकूण 59 मात्रा आहेत, आणि सहज बोलण्यात एका सेकंदात सुमारे सात-आठ मात्रा जात असल्यामुळे प्रत्येक ठोका बोटाने पकडणे पूर्ण वेगात शक्य होत नाही. म्हणून ‘सेन्-एन् देशिता’ सारखा एखादा छोटा तुकडा घेऊन तो आधी क्लिपविना, सावकाश, सात ठोक्यांत म्हणून पाहावा. येथे पहिल्या दिवसाचे काम संपते.

दुसऱ्या दिवशी पुटपुटण्यापासून सुरुवात करावी. क्लिप चालू ठेवून तोंडातल्या तोंडात, अगदी हलक्या आवाजात मागोमाग जावे. येथे उच्चाराची चिंता नको, सारे लक्ष कानाकडे असू द्यावे आणि थांबे व वेग तेवढे जुळवावेत. अनेकांना ही पायरी अनावश्यक वाटते आणि ते थेट मोठ्या आवाजात सुरू करतात. मोठ्या आवाजात बोलताना सुरुवातीला स्वतःचाच आवाज मूळ आवाजाला झाकतो आणि मग जे ऐकूच आले नाही त्याचे अनुकरण होत नाही, म्हणून ही पायरी मी वगळू देत नाही. पुटपुटणे चार-पाच वेळा झाल्यावर मजकूर समोर ठेवून पूर्ण आवाजात क्लिपबरोबर म्हणावे. मजकुराचा हा आधार फक्त याच दिवशी घ्यावा. डोळे कानापेक्षा पुढे धावतात, आणि मजकूर रोज समोर राहिला तर सराव शॅडोइंगचा न होता वेगाने वाचण्याचा होतो.

तिसरा दिवस खऱ्या शॅडोइंगचा आहे. मजकूर बंद करावा आणि पूर्ण आवाजात एका शब्दाच्या अंतराने मागोमाग जावे. एखादा शब्द निसटला तर तो पकडण्यासाठी मागे वळू नये. तो सोडून द्यावा आणि जिथे वक्ता पोहोचला आहे तिथून पुढे चालावे. निसटलेला शब्द घाईने भरून काढण्याच्या प्रयत्नात पुढचे तीन शब्द जातात, हे प्रत्येक नवख्याच्या बाबतीत दिसते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत फक्त लयीकडे लक्ष द्यावे आणि नंतरच्या काही फेऱ्यांत अर्थाकडे, म्हणजे म्हणता म्हणता ते कॅफे, ती महाग कॉफी डोळ्यांसमोर आणावी. लय आणि अर्थ दोन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवणे पहिल्या दिवसांत कोणालाच झेपत नाही. आठ-दहा फेऱ्या झाल्या की थांबावे. दिवसाचा सराव दहा ते पंधरा मिनिटांहून लांबवू नये, कारण लक्ष विचलित झाल्यावर तोंड चालू राहते आणि कान बंद होतो, आणि अशा अवस्थेत चुकीचे उच्चारच पक्के होतात.

चौथ्या दिवशी ध्वनिमुद्रण करावे. दोन फेऱ्या करून तिसरी मुद्रित करावी आणि मग मूळ क्लिप व आपले मुद्रण एकेक वाक्य आलटून पालटून ऐकावे. मजकुराच्या कागदावर निसटलेल्या जागी टिंब आणि उच्चार चुकलेल्या जागी रेघ काढावी. येथे एक शिस्त पाळावी: त्या दिवशी सुधारण्यासाठी एकच दोष निवडावा. समजा ‘सेन्-एन्’ चा ‘सेनेन’ झाला आहे, ‘तोमोदाचि’ चा इकार लांबला आहे आणि ‘एकि’ चा उतार आलेला नाही. यांपैकी लांबलेला इकार आधी घ्यावा, कारण मात्रा वाढली की पुढचे सगळे वाक्य उशिरा सुरू होते आणि इतर चुकाही त्यातूनच जन्मतात. ‘तोमोदाचि तो’ एवढाच तुकडा सात-आठ वेळा वाजवून त्याच्या मागोमाग जावे आणि मग पूर्ण क्लिपवर परतावे. अनुनासिकाचा क्रम त्यानंतर आणि उताराचा सर्वांत शेवटी लावावा.

आपल्या कानाला फरक ऐकू येत नसेल, तर डोळ्यांची मदत घेता येते. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्राममध्ये दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाखाली एक उघडली की ध्वनिलहरींची चित्रे दिसतात. ‘चोत्तो’ मधील शांतता सपाट रेषेच्या रूपात दिसते आणि आपली सपाट रेषा मूळ रेषेपेक्षा आखूड असेल, तर द्वित्व पुरेसे झालेले नाही हे लगेच समजते. त्याचप्रमाणे ‘कोऽहिऽ’ एवढा शब्द निवडून त्याची लांबी पाहता येते. आपला वेग मूळ वक्त्यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून नुसती सेकंदे न मोजता त्याच वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी त्याचे प्रमाण पाहावे.

पाचव्या दिवशी अखेरचे मुद्रण करून चौथ्या दिवसाच्या मुद्रणाशी ते ताडून पाहावे आणि मग क्लिप पूर्ण बंद करावी. आता तोच साचा ठेवून स्वतःची वाक्ये, त्याच लयीत, मोठ्याने म्हणायची आहेत. ‘किनोऽ, काझोकु तो उचि नो चिकाकु नो मिसे नि इकिमाशिता. चाइ वा निजुऽ-रुपिऽ देशिता. तोतेमो यासुकात्ता देसु’, म्हणजे काल कुटुंबाबरोबर घराजवळच्या दुकानात गेलो होतो, चहा वीस रुपये होता, फार स्वस्त होता. व्यक्ती, जागा, वस्तू आणि किंमत बदलत अशी पाच-सहा वाक्ये तयार करावीत. शॅडोइंगची सर्वांत मोठी मर्यादा येथेच भरून निघते. दुसऱ्याच्या मागून जाताना वाक्य आपण रचत नसतो, ते आयते मिळते. त्यामुळे केवळ शॅडोइंग करत राहिलेला विद्यार्थी उच्चारात आणि ऐकण्यात सुधारतो, पण संभाषणात पुन्हा शब्द जुळवत बसतो. जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि विभक्तिप्रत्ययांसारखे कारकदर्शक नामाच्या मागे लागतात, त्यामुळे साच्यात नवे शब्द बसवण्याचे हे काम मराठी भाषकाला तुलनेने सोपे जाते. या सोयीचा लाभ जरूर घ्यावा.

कोठे चुकते आणि ते कसे ओळखावे

क्लिप अवघड आहे की आपला सराव कमी पडतो आहे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. तिसऱ्या दिवशीच्या शेवटच्या फेऱ्यांमध्येही मजकुराचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग निसटत असेल, आणि तो प्रत्येक वेळी वेगवेगळ्या ठिकाणी निसटत असेल, तर क्लिप अवघड आहे. ती सोडून सोपी घ्यावी. याउलट दर वेळी त्याच एका-दोन ठिकाणी अडत असेल, तर क्लिप योग्य आहे आणि तेवढ्या तुकड्यावर स्वतंत्र काम हवे आहे.

वेग कमी करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक प्लेअरमध्ये असते आणि तिचा मोह होणे साहजिक आहे. एखादा ध्वनी नेमका काय आहे हे शोधण्यासाठी 0.75 पट वेगाने क्लिप ऐकायला हरकत नाही, पण शॅडोइंग मात्र मूळ वेगातच करावे. यांत्रिक रीतीने मंद केलेल्या आवाजात थांबेही ताणले जातात आणि कुजबुजलेले स्वर विचित्र ऐकू येतात. कोणीही माणूस सावकाश बोलताना तसे बोलत नाही. मूळ वेग झेपत नसेल, तर सावकाश बोलणाऱ्या वक्त्याची दुसरी क्लिप शोधणे अधिक योग्य.

आणखी एक दोष बाहेरून चांगला दिसतो. विद्यार्थी अस्खलित म्हणतो, अंतर जवळजवळ शून्य असते, आणि क्लिप बंद केली तरी तो तसाच म्हणतो. हे पाठांतर आहे. त्याची परीक्षा सोपी आहे: त्याच वक्त्याची, त्याच पातळीची नवी क्लिप लावून पहिल्याच फेरीत किती भाग पकडता येतो ते पाहावे. काही आठवड्यांच्या सरावानंतर नव्या क्लिपची ही पहिली फेरी पूर्वीपेक्षा सुधारत असेल, तर कान तयार होत आहे. ती सुधारत नसेल, तर पाठांतरावरच वेळ जातो आहे, आणि तेव्हा पहिल्या दिवसाच्या ऐकण्याकडे व दुसऱ्या दिवसाच्या पुटपुटण्याकडे परत जावे.

जागेचाही थोडा विचार करावा लागतो. पूर्ण आवाजातील फेऱ्यांसाठी घरात खोली मिळत नसेल, तर तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सकाळी चालताना त्या करता येतात. चालण्याने श्वास मोकळा होतो आणि आवाज दबत नाही, मात्र वाहनांच्या रस्त्यावर इअरफोन लावून हा सराव करू नये. पीएमपीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत पहिल्या दिवसाचे ऐकणे आणि दुसऱ्या दिवसाचे पुटपुटणे एवढेच साधते. ध्वनिमुद्रण मात्र घरातच, दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून करावे, कारण पंख्याच्या आवाजात ‘स’ आणि ‘श’ यांचे बारीक घर्षणध्वनी बुडून जातात आणि नेमक्या त्याच जागा आपल्याला तपासायच्या असतात.

जे आपल्या कानाला ऐकूच येत नाही, ते शॅडोइंगने आपोआप सुधारत नाही. म्हणून महिन्यातून एकदा आपले मुद्रण आणि मूळ क्लिप दोन्ही वर्गातील शिक्षकांना किंवा एखाद्या जपानी परिचिताला ऐकवावीत. ‘माझा उच्चार कसा आहे’ असे विचारल्यास सौजन्यापोटी ‘छान आहे’ असेच उत्तर मिळेल, आणि जपानी व्यक्तीकडून तर ते हमखास मिळेल. त्याऐवजी मजकुराचा कागद पुढे ठेवून, या 59 मात्रांपैकी कोणत्या ठिकाणी तुम्हाला परके वाटले तिथे खूण करा, अशी विनंती करावी. त्या खुणांवरून पुढच्या महिन्यातील क्लिप निवडता येतात: खुणा बहुतांशी दीर्घ स्वरांवर असतील तर कोऽहिऽ, बिऽरु, तेऽबुरु यांसारखे दीर्घ स्वरांचे शब्द ज्यात अधिक आहेत अशी क्लिप घ्यावी, आणि त्या उतारांवर असतील तर मात्रांचे काम तूर्त बाजूला ठेवून सावकाश, स्पष्ट बोलणाऱ्या निवेदकाची क्लिप घ्यावी.